सहा कडी आणि वन्संचा राग

वहिनीने वन्संना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या एका सुटाबुटातल्या माणसावर ओरडत होत्या.

तेव्हा ती अजून कुणाची वहिनी झालेली नव्हती. कानातल्याची फिरकी हरवली म्हणून ती दागिन्यांच्या त्या अरुंद, खोल दुकानात रांगेत उभी होती. पुढे काचेची कपाटं, शेठचं गल्ल्याचं टेबल, आणि मागे उजव्या हाताला आणखी एक टेबल. त्यावर छोटा तराजू, कसोटीचा काळा दगड, अ‍ॅसिडच्या बाटल्या आणि एक कानस. त्या टेबलामागे जाड भिंगाचा चष्मा लावलेली बाई बसली होती. तिच्यासमोर त्या माणसाने घड्याळाची साखळी ठेवली होती.

"अठरा के लिहिलंय त्यावर," तो म्हणाला. "दिसतंय ना?"

"दिसतंय की. पुढे जीपी लिहिलंय, तेही दिसतंय. तुम्ही वाचता वाचता मध्येच दमलात."

"जीपी म्हणजे?"

"म्हणजे मुलामा. आत पितळ, वरून अठरा कॅरटचा हात फिरवलाय. तोही इतका पातळ, की चार वर्षं मनगटावर घासलात तर शर्टाच्या बाहीला जास्त सोनं लागेल, साखळीला कमी. मोडीत याला पितळाचा भाव. पितळ किलोवर घेतात. आणलंय का किलोभर?"

रांगेतलं कुणीतरी हसलं. तो माणूस मात्र खाली बसला आणि हळूच म्हणाला, "माझ्या दोन महिन्यांच्या पगाराला घेतली होती हो."

आणि मग वन्संचा आवाज चढला. "कोणी दिली? कुठलं दुकान? दोन महिन्यांचा पगार घेताना त्याची जीभ कशी झडली नाही? चला, उठा, मी येते तुमच्याबरोबर!" आणि खरोखरच चपला शोधायला लागल्या. तेव्हा फिरकी हरवलेल्या मुलीच्या लक्षात आलं, की ही बाई ओरडते त्या माणसावर, पण ओरडते त्याच्यासाठी.

पुढे त्याच दुकानाच्या धाकट्या मालकाशी, म्हणजे वन्संच्या भावाशी, तिचं लग्न झालं. दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत ती राहायला आली, सकाळी गल्ल्यावर बसायला लागली, आणि गिऱ्हाइकांपासून चहावाल्यापर्यंत सगळ्यांची वहिनी झाली. वन्संचं लग्न झालेलं नव्हतं. दुकानात त्यांचा अर्धा हिस्सा होता आणि वडिलांनी तो हयातीतच स्वच्छ लिहून दिला होता. भाऊ गिऱ्हाइकांचा शेठ होता, पण वन्संचा तो छोट्याच. चाळिशी उलटली, पोट सुटलं, तरी "ए छोट्या" अशी हाक मागच्या टेबलावरून आली की तो दचकून बघायचा.

बहीणभावाचं भांडण जुनं होतं आणि ते भावावरून होतं. म्हणजे दागिन्याच्या.

छोट्याने पुढच्या कपाटात अठरा कॅरटचा माल लावायला सुरुवात केली होती. हलके, नाजूक, खडे बसवलेले दागिने. त्यात वाईट काहीच नव्हतं. खड्यांची पकड बावीस कॅरटपेक्षा अठरात जास्त टिकते, हे वन्संच सांगायच्या. पण किंमत सांगायची रीत त्यांना सोसायची नाही. भाऊ खड्यासकट वजन करायचा, त्यावर सोन्याचा भाव लावायचा, घडणावळ वेगळी चढवायचा आणि वर म्हणायचा, "सोनंच आहे ताई, पैसे कुठे जात नाहीत."

"जातात ना!" मागच्या टेबलावरून आवाज. "घडणावळ गेली ती गेली, ती कुणी परत देत नाही. खडे गेले, मोडीच्या वेळी खडे बाजूला काढून वजन करतात. उरलं त्यात शंभराला पंचाहत्तर सोनं, पंचवीस तांबं-चांदी. त्या पंचाहत्तराचा त्या दिवशीचा भाव, त्यातून वितळवताना जाणारी गाळणीची तूट वजा. ते सांग ताईंना, मग घेऊ दे. आवडलं म्हणून घ्या म्हणावं, बँकेत टाकल्यासारखं नको."

ताई बहुधा पर्स बंद करून निघून जायच्या. छोट्या कपाळाला हात लावायचा. "आक्का, तू आपल्या दुकानात बसतेस की समोरच्याच्या?"

वन्संची दुसरी सवय म्हणजे कानस. जुना दागिना विकायला आला की त्या आतल्या बाजूला, दिसणार नाही अशा जागी, कानशीने एक खोल खाच मारायच्या आणि त्या खाचेत अ‍ॅसिडचा थेंब सोडायच्या. नुसतं दगडावर घासून त्या कधी भाव देत नसत. म्हणायच्या, "वरचं काय, वरचं नटलेलंच असतं." मुलामा तर नखानेही ओळखता येतो, पण खरी फसवणूक गोल्ड फिल्डमध्ये, हे त्यांनीच वहिनीला शिकवलं होतं. पितळेवर सोन्याचा खराखुरा पत्रा दाबून बसवलेला असतो. मुलाम्याच्या कितीतरी पट जाड, वर्षानुवर्षं न उतरणारा. वापरायला उत्तम, रंग जात नाही, अंगाला खाजत नाही. गोल्ड फिल्ड म्हणून विकलं तर त्यात काही पाप नाही. पण वजनाच्या विसाव्या हिश्शाइतकंच सोनं, आणि तेही पितळेपासून सोडवायला इतका खर्च, की गाळणीवाले पोत्याने आलं तरच हात लावतात. दगडावर घासलं, तर मात्र पत्रा सोन्याचाच, कस सोन्याचाच.

मग छोट्याने मशीन आणलं. दागिना आत ठेवायचा, झाकण लावायचं, पडद्यावर आकडे येतात. दारावर पाटीही लावली: ओरखडा नाही, अ‍ॅसिड नाही. गिऱ्हाइकांना ते आवडलं. वन्संची कानस खणात गेली.

"मशीन वरूनच बघतं," वन्संनी पहिल्याच दिवशी बजावलं.

"आक्का, तू सगळंच वरून बघतेस. खुर्चीवरून."

यावर दुकानात सगळे हसले होते. वहिनीसुद्धा.

त्याच सुमाराला छोट्याने एका फिरत्या व्यापाऱ्याकडून सहा जाडजूड गोल कडी घेतली. साधी, गुळगुळीत, आत सातशे पन्नासचा, म्हणजे अठरा कॅरटचा शिक्का. मशीनने पंचाहत्तर टक्के दाखवलं. वन्संना त्या आठवड्यात ताप होता, त्या वर झोपून होत्या. खाली आल्या तेव्हा पाच कडी विकली गेली होती आणि सहावं वहिनीच्या मनगटात होतं.

*

बस कंडक्टर बाई दुपारी आल्या. अंगावर गणवेश, खांद्याला चामडी बॅग, ड्यूटी नुकतीच सुटलेली. दोन वर्षांपूर्वी घेतलेलं कडं त्यांनी मनगटातून काढून काउंटरवर ठेवलं आणि शेजारी दुकानाचं बिल पसरलं.

"विकायचंय शेठ. खोली बघितलीय. उद्या संध्याकाळपर्यंत डिपॉझिट नाही दिलं तर मालक दुसऱ्याला देणार. भावजयीच्या स्वयंपाकघरात झोपून झोपून पाठ मोडली माझी."

छोट्याने कडं उचललंच नाही. "आत्ता नका विकू, ताई. भाव अजून चढणार आहे. थांबा जरा."

"चढेल तर चढेल. मला उद्या खोली पाहिजे."

"आज मोड घेणं बंद आहे आमचं."

वहिनीने मान वर केली. सकाळीच तिने एका आजींची मोड घेतली होती.

"बंद कधी झालं?" मागून वन्सं म्हणाल्या. "आणा इकडे, बाई."

"आक्का, मी बघतोय ना."

"तू कुठे बघतोयस? तू तर कपाटाची काच पुसतोयस."

कंडक्टर बाई सरळ मागच्या टेबलाशी गेल्या. वन्संनी कडं तळहातावर तोललं आणि त्यांच्या भुवया जवळ आल्या. तराजूत चोवीस ग्रॅम भरलं, बिलातही चोवीसच होते.

"जाडी किती आणि वजन किती. एवढं जाड भरीव कडं अठरा कॅरटचं असतं तर चाळीसच्या वर गेलं असतं."

"पोकळ आहे ते," छोट्या तिथूनच ओरडला. "सांगूनच दिलंय."

वन्संनी पेल्यात पाणी घेतलं, कडं दोऱ्याला बांधून बुडवलं आणि पुन्हा वजन पाहिलं. अठरा कॅरटचं चोवीस ग्रॅम पाण्यात दीडेक ग्रॅमने हलकं व्हायला हवं. हे पावणेतीन ग्रॅमने झालं.

"पोकळ म्हटलं ना," छोट्या जवळ येऊन म्हणाला. "आत हवा असली की तसंच होणार. तूच शिकवलंस मला."

"शिकवलं. हवा असली तरी असंच होतं आणि पितळ असलं तरी असंच होतं. हेही शिकवलं होतं, तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास." वन्संनी खणातून करवत काढली. "बाई, कापू? विकायचंच आहे, तर मोडीला तुकडा काय नि अख्खं काय, भाव तोच. कापून खरं निघालं तर तुमचं काही जात नाही."

"कापा की. मी काय त्याला मिठी मारून बसणारे?"

करवतीचं पातं फार वेळ फिरवावं लागलं नाही. वन्संनी दोन तुकडे भिंगाखाली धरले आणि मग भिंग कंडक्टर बाईंच्या हातात दिलं. कडं पोकळ नव्हतं. आत गच्च, फिकट पिवळं पितळ होतं आणि त्याच्याभोवती सोन्याची बारीक कडा, पेन्सिलीच्या रेघेसारखी. वन्संनी मधोमध थेंब सोडला. हिरवा फेस आला.

"म्हणजे काय?" बाई म्हणाल्या, पण त्यांना कळलं होतं.

"म्हणजे तुम्ही अठरा ग्रॅम चोख सोन्याचे पैसे दिलेत आणि तुमच्याकडे ग्रॅमभरसुद्धा नाही. आणि जे आहे ते सोडवून घेणारा तुम्हाला भेटायचा नाही."

"हे आमचं कडं नाही," छोट्या म्हणाला.

कंडक्टर बाई त्याच्याकडे वळल्या.

"काय म्हणालात?"

"बदललं असेल कुठेतरी. दोन वर्षं झाली. घरात चार माणसं असतात, कुणी—"

"ओ शेठ!" कंडक्टर बाईंनी बॅग काउंटरवर आपटली, आतली नाणी खळखळली. "मी रोज हजार माणसं उतरवते आणि चढवते. फुकट्या कोण ते मला त्याच्या मानेवरून कळतं. तुमची मान बघा आरशात! आरसे तर भरपूर लावलेत!"

वहिनीचं मन तेव्हाही नवऱ्याच्या बाजूने होतं. तो घाबरलाय, असंच तिला वाटलं. व्यापाऱ्याने फसवलं, मशीनने फसवलं, माणूस गांगरून काहीतरी बोलून गेला. प्रश्न मिटवायचा तर सोपी वाट होती. तिने आपल्या मनगटातलं कडं साबण लावून ओढून काढलं आणि वन्संपुढे ठेवलं.

"हे त्याच सहातलं आहे. हे कापा. हे खरं निघालं तर बाईंचं बदललंय, खोटं निघालं तर आपण फसलोय. संपलं."

"तू पण काय गं, उगाच—" छोट्याने हात पुढे केला. वन्संनी कडं त्याच्या आधी उचललं. करवत लावायला जागा शोधत त्यांनी ते भिंगाखाली फिरवलं आणि फिरवता फिरवता थांबल्या.

"हे आधीच कुणीतरी कापलंय."

"काय?"

"कापून, डाग देऊन पुन्हा जोडलंय. जोडावर मुलामा दिलाय, आपल्याच मुलाम्याच्या वाटीतला, तांबूस मारतो तो. ये, बघ." वहिनी वाकली. गुळगुळीत कड्यावर एक आडवी रेघ होती, भोवतालापेक्षा अर्ध्या छटेने तांबडी. रोज हातात घालून तिला ती कधी दिसली नव्हती.

तिला आठवलं. गेल्या वर्षी कडं घट्ट होतं म्हणून तिने नवऱ्याकडे दिलं होतं, थोडं मोठं करून द्या म्हणून. मोठं करायचं तर आधी कापावं लागतं. दोन दिवसांनी त्याने ते होतं तसं परत आणलं होतं. "नको गं, घडण बिघडेल," म्हणाला होता. "घट्टच छान दिसतं तुझ्या हाताला." आणि ती लाजली होती.

त्या लाजण्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप आला.

"तुम्हाला वर्षभर माहीत आहे," ती म्हणाली.

त्याने काच पुसायचं फडकं पुन्हा उचललं.

"वर्षभर मी पितळ घालून गल्ल्यावर बसलेय, गिऱ्हाइकं माझा हात बघून कडी मागतात, आणि तुम्हाला माहीत आहे. अहो, बोला ना! मला सांगता येत नव्हतं? मी काय गिऱ्हाईक होते?"

"सांगून काय झालं असतं?" आता तोही चिडला. "मीही पैसे दिलेत त्या भामट्याला! अठराच्या भावाने दिलेत! पाच घरी जाऊन सांगू, की या, दुकान लुटा? कोणी विकायला आणत नव्हतं. घालत होते, खूश होते. कोणाचं काय बिघडत होतं?"

"माझी खोली," कंडक्टर बाई म्हणाल्या.

मग वन्सं बोलल्या. वहिनीला वाटलं होतं की आता छप्पर उडेल. पण त्या दिवशी वन्संचा आवाज चढलाच नाही, आणि तेच जास्त भयंकर होतं.

"छोट्या, मशीनने तुला फसवलं, ते मी माफ केलं. मी तापात नसते तर मीही कदाचित झोपेत हो म्हटलं असतं. पण आत पितळ दिसल्यावर तू वाटी तापवलीस, डाग दिलास, मुलामा चढवलास. आपल्या वाटीत. बायकोच्या कड्याला. आता या बाईंना पैसे मोज."

"बिलाचे देतो. दोन वर्षांपूर्वीचे."

"आजच्या भावाने."

"आजच्या? भाव कुठल्या कुठे गेलाय! बिलावर जे—"

"त्यांनी सोनं घेतलं होतं. सोनं त्यांच्याकडे असतं, तर आज त्यांना आजचा भाव मिळाला असता. ते त्यांच्याकडे नाही, यात त्यांची काय चूक? अठरा ग्रॅम चोख, आजचा भाव. तूट कापू नकोस, गाळायला आहे काय त्यात? आणि घडणावळसुद्धा परत. पितळेला कसली घडणावळ?"

"दुकान बसेल, आक्का."

"बसू दे. इतके दिवस उभं होतं ते कशावर, ते बघितलं मी."

पैसे वहिनीने मोजले. गल्ल्याची किल्ली तिच्या कमरेला होती. नवऱ्याने मागितली, तिने दिली नाही. कंडक्टर बाईंनी नोटा बॅगेत टाकल्या आणि दारातून वळून म्हणाल्या, "वहिनी, तुम्ही नसता तर मला चोर ठरवून मोकळे झाले असते हे." त्यात आभार नव्हते, नुसता राग होता, आणि वहिनीला तो बरोबर वाटला.

*

उरलेल्या चार कड्यांवरून घर फुटलं. छोट्याचं म्हणणं, जो येईल त्याला देऊ, आपण होऊन कुणाच्या दारात जायचं नाही. वन्संचं म्हणणं, आजच जायचं. जेवणं वेगवेगळ्या वेळी व्हायला लागली. एकाच जिन्यावरून दोघं जात-येत, पण एकजण उतरत असेल तर दुसरा वर थांबायचा. वहिनी मध्ये पडली नाही. ती कुणाच्या बाजूने आहे हे तिने एकदाच सांगितलं, भाजी चिरता चिरता, आणि नवऱ्याने ताट तसंच ठेवलं. तिनेही ते उचललं नाही. सकाळपर्यंत ताट तिथेच होतं.

शेवटी वन्संनी आपला अर्धा हिस्सा छोट्यालाच विकला. पडत्या भावाने घेतला त्याने. त्यांनी घासाघीस केली नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या दागिन्यांना चोख भाव लावणारी बाई स्वतःच्या हिश्शाला भाव लावायला बसली नाही, यावर वहिनी पुष्कळ दिवस जळफळत होती. त्या पैशांतून वन्सं वहिनीला बरोबर घेऊन चारही घरी गेल्या. एका घरात चहा मिळाला. एका घरात शिव्या मिळाल्या, आणि त्या वन्संनी मान हलवत सगळ्या ऐकून घेतल्या. तिसऱ्या घरातल्या म्हाताऱ्या बाई म्हणाल्या, कडं छान आहे, मला परत द्यायचंच नाही. तर वन्संनी पैसे दिले आणि कडंही तिथेच ठेवलं, फक्त आतल्या बाजूला कानशीने एक खोल खाच मारून, म्हणजे उद्या नातवंडं फसायला नकोत. चौथ्या घरातल्या तरुण जावयाने आधी पैसे मोजून घेतले आणि मग विचारलं, "पण तुम्ही का देताय? शेठ कुठे आहेत?"

"शेठ काच पुसतायत," वन्सं म्हणाल्या.

बाहेर आल्यावर वहिनीला हसू आवरेना. हसता हसता ती रडायला लागली आणि वन्सं तिच्यावर खेकसल्या, "रस्त्यात काय तमाशा! चल, उशीर झालाय." पण हात त्यांनी तिचा सोडला नाही.

छोट्याचं दुकान बसलं नाही. उलट चाललं. मशीन नवीन आलं, पाटीही नवीन रंगवली. वहिनी अजून त्याच्याच घरात आहे, गल्ल्यावर अजून तीच बसते, पण दागिना विकायला आलेल्या प्रत्येकाला ती आधी रस्ता ओलांडायला सांगते. नवरा ऐकतो आणि काही म्हणत नाही. म्हणून बघावं त्याने एकदा.

रस्त्यापलीकडे घड्याळ दुरुस्त करणाऱ्याचं दुकान आहे. तिथलं अर्धं टेबल वन्संनी भाड्याने घेतलंय. त्या काही विकत घेत नाहीत, काही विकत नाहीत. दागिना तपासून आत काय आहे आणि मोडीत काय येईल एवढं सांगतात, त्याचे थोडे पैसे घेतात, आणि दुपारी एक ते तीन बंद ठेवतात.